परदेशी पाकिटावरचा पोषण-तक्ता: फोटोतले आकडे जुळत नाहीत तेव्हा

अमेरिकेहून कुणीतरी आणलेलं ग्रॅनोलाचं पाकीट, नाहीतर इम्पोर्टेडच्या फडताळातून घेतलेला बिस्किटांचा डबा. मागच्या तक्त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून आपल्या वाटीत किती कॅलरी, किती साखर आली ते काढायचं, इतकंच काम असतं. ते पुन्हा पुन्हा त्याच दोन-चार ठिकाणी फसतं. पुढे तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या सात फुकट आहेत आणि बहुतेकांचा घोळ पहिल्या तिनांतच सुटतो.

घोळ झालाय हे कसं ओळखायचं

हिशोबात पुढच्यापैकी काही दिसलं तर आकडे तसेच वापरू नका.

अख्खं पाकीट संपवलं तरी कॅलरी जेमतेम २७० येतात. म्हणजे एका सर्व्हिंगचा आकडा पूर्ण पाकिटाचा धरला गेलाय.

किंवा उलट, शंभर ग्रॅमला १८८० कॅलरी दिसतात. शंभर ग्रॅम साजूक तुपाच्याही ९०० होतात, त्याहून जास्त कुठल्याच खाण्याच्या होऊ शकत नाहीत.

फोनने फोटोतला मजकूर उचलला आणि प्रोटीन ६९ ग्रॅम, ट्रान्स फॅट ०९ असं काही लिहून दिलं.

फॅटसमोर १३ टक्के आहे म्हणून 'यात १३ टक्के फॅट आहे' असं कुणी म्हणतं. ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत उशिरा लक्षात येते.

एकाच प्रकारच्या खाण्याचा अमेरिकन तक्ता २२ टक्के साखर म्हणतो, युरोपातला १४ टक्के. किंवा युरोपातल्या पाकिटात मीठ ०.५५ आणि अमेरिकन पाकिटात सोडियम २१७, म्हणून युरोपातलं कमी खारट वाटतं.

आणि शेवटचं लक्षण म्हणजे शून्य. कॅलरी शून्य, फॅट शून्य, पण डब्यात नुसतं तेल.

नमुन्यासाठी एक साधं अमेरिकन ग्रॅनोलाचं पाकीट धरू. निव्वळ वजन १२ औंस, म्हणजे ३४० ग्रॅम. वर लिहिलंय 'अबाउट ६ सर्व्हिंग्ज पर कंटेनर', खाली 'सर्व्हिंग साइज २/३ कप (६० ग्रॅम)'. कॅलरी २७०, फॅट १० ग्रॅम (१३ टक्के), सॅच्युरेटेड फॅट २ ग्रॅम (१० टक्के), सोडियम १३० मिलिग्रॅम (६ टक्के), कार्बोहायड्रेट ४० ग्रॅम (१५ टक्के), त्यात फायबर ४ ग्रॅम (१४ टक्के), एकूण साखर १३ ग्रॅम, तिच्यापैकी वरून घातलेली ११ ग्रॅम (२२ टक्के), प्रोटीन ६ ग्रॅम, लोह १.८ मिलिग्रॅम (१० टक्के). पुढचा सगळा हिशोब याच पाकिटावर करू.

पहिली तपासणी: फोटो पुन्हा काढा

अर्ध्याहून जास्त घोळ फोटोतच असतो, म्हणून गणिताला हात लावण्याआधी हे उरकून घ्या. चकचकीत पाकिटावर फ्लॅश मारला की मधल्या दोन ओळी पांढऱ्या पडतात. फ्लॅश बंद ठेवा, पाकीट खिडकीजवळ टेबलावर सपाट करा, वरखाली दोन जड वस्तू ठेवून सुरकुत्या काढा आणि उजेड बाजूने येऊ द्या. फोन पाकिटाच्या बरोबर वर, समांतर धरा. गोल डब्याचा एकच फोटो काढला तर कडेचे आकडे दबतात आणि टक्क्यांचा स्तंभ नेमका कडेलाच असतो. डबा थोडा थोडा फिरवून तीन फोटो काढा.

फोटोत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: तक्त्याचं शीर्षक, स्तंभांची डोकी, डावीकडचा समास आणि पाकिटाचं निव्वळ वजन. समास का, तर अमेरिकन तक्त्यात आत सरकवून छापलेली ओळ वरच्या ओळीचा भाग असते. फायबर आणि साखर कार्बोहायड्रेटच्या पोटात असतात, आणि घातलेली साखर एकूण साखरेच्या पोटात. समास कापला गेला की सगळ्या ओळी सारख्या दिसतात आणि मग १३ अधिक ११ मिळून २४ ग्रॅम साखर असा हिशोब होतो. खरी साखर १३ ग्रॅमच आहे.

फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल तर साध्या फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो आकसतो आणि पहिल्यांदा दशांशचिन्ह गळतं. २.५ चे २५ होतात.

फोनने उचललेला मजकूर वापरत असाल तर एक नेहमीची खोड लक्षात ठेवा. ग्रॅमसाठी छापलेलं छोटं इंग्रजी अक्षर आकड्याला चिकटून असतं आणि फोन त्याला नऊ समजतो. '६ ग्रॅम'चे ६९ होतात, '० ग्रॅम'चे ०९. आकडा नऊने संपत असेल आणि त्यापुढे ग्रॅम लिहिलेलं नसेल, तर तो नऊ बहुधा नऊ नाहीच. तसंच 'लेस दॅन १ ग्रॅम' यातलं 'लेस दॅन' गळून नुसता १ उरतो.

दुसरी तपासणी: तक्ता कुठल्या पद्धतीचा आहे

हे शीर्षकावरून आणि स्तंभांवरून कळतं. 'न्यूट्रिशन फॅक्ट्स' असं जाड अक्षरात, खाली सर्व्हिंग आणि उजवीकडे '% डेली व्हॅल्यू' असेल तर अमेरिकन पद्धत. तिथे बहुधा शंभर ग्रॅमचा स्तंभ नसतो, सगळं एका सर्व्हिंगचं. युरोप आणि ब्रिटनच्या पाकिटावर शंभर ग्रॅमचा किंवा शंभर मिलीचा स्तंभ सक्तीचा आहे, सर्व्हिंगचा ऐच्छिक. ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी, म्हणजे आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो ती, अशा दोन्हींत असते आणि सोडियमऐवजी मीठ लिहितात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तक्त्यात सर्व्हिंग आणि शंभर ग्रॅम असे दोन स्तंभ शेजारी शेजारी असतात, ऊर्जा किलोज्यूलमध्ये असते आणि कॅलरी छापायची सक्ती नाही.

फोटोत स्तंभाचं डोकं कापलं गेलं असेल तर अंदाज लावत बसू नका, पहिल्या तपासणीकडे परत जा. कुठला स्तंभ कशाचा हे माहीत नसताना केलेला हिशोब सरळ दुप्पट किंवा निम्मा चुकतो.

पाकिटावर 'ॲज पॅकेज्ड' आणि 'ॲज प्रिपेअर्ड' असे दोन स्तंभ दिसले तर दुसऱ्यात दूध, अंडं, लोणी असं त्यांनी सुचवलेलं साहित्य धरलेलं असतं. पॅनकेकचं पीठ तुम्ही पाण्यात भिजवणार असाल तर पहिला स्तंभ घ्या आणि तुमचं साहित्य वेगळं मोजा.

तिसरी तपासणी: सर्व्हिंग गुणिले संख्या, वजनाशी जुळतं का

६० ग्रॅम गुणिले ६ म्हणजे ३६०. पाकीट ३४० ग्रॅमचं. हा फरक चूक नाही. ३४० भागिले ६० म्हणजे ५.६७, आणि पाचाच्या वरची संख्या अमेरिकन नियमाप्रमाणे पूर्णांकात छापतात, म्हणून 'अबाउट ६'. पण फोटोत ६० ऐवजी ८० वाचलं असतं तर ४८० आले असते आणि चूक लगेच दिसली असती. या एका गुणाकाराने सर्व्हिंगचा आकडा पक्का होतो. तो पक्का झाल्याशिवाय पुढचं काहीच करू नये, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

इथेच हेही समजून घ्या की सर्व्हिंग साइज म्हणजे 'एवढं खा' असा सल्ला नाही. अमेरिकेत ती लोक साधारण किती खातात यावरून ठरवलेल्या मापांवर बेतलेली असते. लेबलवरचा कप २४० मिलीचा, म्हणून २/३ कप म्हणजे १६० मिली. आपल्याकडची आमटीची स्टीलची वाटी साधारण त्याच मापाची, थोडी कमीच. म्हणजे त्यांची सर्व्हिंग एक वाटीभर. बोलमध्ये पाकीट तिरपं करून दुधासोबत जे घेतलं जातं ते याहून बरंच जास्त असतं. वाट्या सगळ्यांच्या सारख्या नसतात, म्हणून घरात काटा असेल तर आपली वाटी एकदाच मोजून ठेवा: काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

तेलात किंवा पाकात बुडवलेल्या डबाबंद पदार्थांत सर्व्हिंग निथळून काढलेल्या ऐवजाची असू शकते. तक्त्यात 'ड्रेन्ड' शब्द आहे का ते पाहा. असेल तर निथळलेल्या वजनाशी जुळवा, पूर्ण डब्याच्या वजनाशी नाही.

चौथी तपासणी: टक्के आणि कॅलरी एकमेकांची साक्ष देतात का

अंधुक फोटोतला आकडा १३० आहे की १८०, हे डोळे ताणून ठरवायची गरज नाही. अमेरिकन तक्ता स्वतःच उत्तर देतो, कारण प्रत्येक टक्का एका ठरलेल्या दिवसभराच्या आकड्यातून आलेला असतो. सोडियमसाठी तो २३०० मिलिग्रॅम, फॅटसाठी ७८ ग्रॅम, कार्बोहायड्रेटसाठी २७५, फायबरसाठी २८, घातलेल्या साखरेसाठी ५० ग्रॅम. १३० भागिले २३०० म्हणजे ५.७ टक्के, छापताना ६. १८० असते तर ८ टक्के छापले असते. फोटोत ६ स्पष्ट दिसतोय, म्हणजे आकडा १३० च.

फॅटचंही तसंच. १० भागिले ७८ म्हणजे १३ टक्के, जुळलं. पण १० ग्रॅमसमोर १५ टक्के दिसले तर फोटो चुकलाय असं लगेच समजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेने नियम बदलले, मोठ्या कंपन्यांना ते २०२० च्या सुरुवातीपासून लागू झाले. त्याआधीच्या पद्धतीत फॅटचा आकडा ६५ ग्रॅम होता, आणि १० भागिले ६५ म्हणजे १५ टक्के. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात घातलेल्या साखरेची ओळच नसते, त्यावरून खात्री होते.

एकूण साखर आणि बहुतेक वेळा प्रोटीन यांच्यासमोर टक्के नसतात. तिथे कॅलरींची साक्ष घ्या. फॅटच्या ग्रॅमला ९ ने, कार्बोहायड्रेट आणि प्रोटीनच्या ग्रॅमला ४ ने गुणा. आपल्या पाकिटात ९० अधिक १६० अधिक २४ म्हणजे २७४. छापलेत २७०, म्हणजे ठीक. प्रोटीन खरंच ६९ असतं तर बेरीज ५२६ झाली असती. दहा-वीसचा फरक सोडून द्या, तो आकडे गोल करण्यातून आणि फायबरच्या कॅलरी कोण कशा धरतं त्यातून येतो. 'शुगर फ्री' चॉकलेट किंवा किटो बारमध्ये मात्र बेरीज छापलेल्या कॅलरींपेक्षा बरीच जास्त येते. त्यात शुगर अल्कोहोल नावाचे गोडी आणणारे घटक असतात, ते कार्बोहायड्रेटमध्ये मोजले जातात पण साखरेइतक्या कॅलरी देत नाहीत. तिथे फोटो दोषी नसतो.

पाचवी तपासणी: एककं

किलोज्यूलची कॅलरी करायची तर ४.१८४ ने भागायचं. दुकानात उभ्या उभ्या करायचं तर चारने भागा आणि आलेल्या उत्तरातून वीसावा हिस्सा वजा करा. १८८० भागिले ४ म्हणजे ४७०, त्यातून २३ गेले की ४४७. काटेकोर उत्तर ४४९ आहे, रोजच्या कामाला एवढं पुरे. शंभर ग्रॅमचा आकडा ९०० च्या वर असेल तर तो किलोज्यूलच. पण त्याचा उलटा नियम लागत नाही. साखर घातलेल्या शीतपेयाचे शंभर मिलीला १८० किलोज्यूल असतात आणि त्या १८० कॅलरी समजल्या तर चौपट चूक होते. अशा वेळी वरची नऊ-चारची बेरीज करून पाहा.

मीठ आणि सोडियम एक नव्हेत. युरोपीय नियमात मीठ म्हणजे सोडियम गुणिले अडीच. म्हणून मिठाच्या ग्रॅमला ४०० ने गुणलं की सोडियमचे मिलिग्रॅम मिळतात. ०.५५ गुणिले ४०० म्हणजे २२०. आपल्या ग्रॅनोलात शंभर ग्रॅमला २१७ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे दोन्ही पाकिटं सारखीच खारट.

तिसरा फरक कमी जणांना माहीत असतो आणि मधुमेह असलेल्यांना तोच नडतो. अमेरिकन 'टोटल कार्बोहायड्रेट'मध्ये फायबर धरलेलं असतं, युरोपीय 'कार्बोहायड्रेट'मध्ये नसतं, ते खाली वेगळं लिहितात. आपल्या ग्रॅनोलाचे शंभर ग्रॅमला ६७ ग्रॅम कार्बोहायड्रेट येतात, त्यात ७ ग्रॅम फायबर. तोच माल युरोपीय पद्धतीने छापला तर ६० दिसतील. दोन देशांची पाकिटं शेजारी ठेवून निवडताना आधी अमेरिकन आकड्यातून फायबर वजा करा. युरोपीय आकड्यातून पुन्हा करू नका.

सहावी तपासणी: टक्के आपल्या मापाने पुन्हा काढा

डेली व्हॅल्यूचे टक्के पाकिटातल्या मालाचे नसतात, एका माणसाच्या दिवसाचे असतात. '२२ टक्के घातलेली साखर' म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ५० ग्रॅम धरले तर त्यातले ११ या एका सर्व्हिंगमध्ये आले. मालाच्या वजनात घातलेली साखर ६० पैकी ११, म्हणजे १८ टक्के. दोन आकडे जवळपास असल्यामुळे गफलत लपून राहते. सोडियमच्या बाबतीत ती लपू शकत नाही: ६ टक्के सोडियम असलेला ग्रॅनोला तोंडात घालवणार नाही.

एका देशाचे टक्के दुसऱ्या देशाच्या टक्क्यांशी ताडून पाहू नका. नेहमी ग्रॅमवर या आणि ग्रॅमवरून पुन्हा टक्के काढा. युरोपात साखरेची टक्केवारी एकूण साखरेवर आणि ९० ग्रॅमच्या आधारे काढतात. १३ भागिले ९० म्हणजे १४ टक्के. अमेरिकेत घातलेल्या साखरेवर आणि ५० ग्रॅमच्या आधारे, म्हणून २२. माल तोच आहे.

भारतात एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत दिवसाचा आधार असा आहे: २००० किलोकॅलरी, फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२, घातलेली साखर ५०, सोडियम २००० मिलिग्रॅम. त्यावर आपली सर्व्हिंग बसवली तर फॅट १३ ऐवजी १५ टक्के होतं, सोडियम ६ ऐवजी साडेसहा, साखर २२ च राहते. फरक छोटा आहे. लोहाचा मात्र मोठा आहे. अमेरिकन आधार १८ मिलिग्रॅमचा, तर आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत भारतीय प्रौढ स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम. पाकिटावरचे १० टक्के, म्हणजे १.८ मिलिग्रॅम, तिच्यासाठी ६ टक्केच भरतात. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून कुणी आयात सिरियलवर विसंबत असेल तर हे तिला सांगायलाच हवं. कॅल्शियमचं उलट आहे: तिथे १३००, इथे प्रौढांसाठी १०००, त्यामुळे अमेरिकन टक्के आपल्यासाठी कमी दाखवतात.

२००० कॅलरी हीसुद्धा छपाईपुरती सोय आहे. त्याच शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची गरज १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाची २११० धरली आहे. म्हणून कॅलरींचा हिस्सा आपल्या आकड्यावर काढा: २७० भागिले १६६० म्हणजे १६ टक्के. सोडियमची मर्यादा मात्र कॅलरींच्या गरजेप्रमाणे वाढवायची नसते.

सातवी तपासणी: शून्य खरंच शून्य आहे का

अमेरिकन नियमात एका सर्व्हिंगमध्ये पाचपेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापता येतात. अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट, ट्रान्स फॅट किंवा साखर असेल तरीही शून्य. ही सूट सर्व्हिंग जितकी लहान तितकी मोठी होत जाते. तव्यावर मारायच्या तेलाच्या स्प्रेची सर्व्हिंग पाव सेकंदाची, सुमारे पाव ग्रॅमची असते. पाव ग्रॅम तेलाच्या सव्वादोन कॅलरी, म्हणून कॅलरी शून्य आणि फॅटही शून्य. पण डोसा घालताना पाव सेकंद कुणी थांबत नाही. दोन सेकंद दाबलं की दोन ग्रॅम तेल, अठरा कॅलरी. त्या काही फार नाहीत, पण शून्यही नाहीत. अशा वेळी घटकांची यादी वाचा. पहिला घटक तेल असेल तर तक्ता बाजूला ठेवून तेलाचाच हिशोब धरा.

याच कारणाने लहान सर्व्हिंगवरून शंभर ग्रॅमचे आकडे काढू नयेत. दोन ग्रॅमच्या सर्व्हिंगला ५० ने गुणताना गोल करण्यातली चूकही ५० पट होते. सर्व्हिंग १५ ग्रॅमच्या आत असेल तर शंभर ग्रॅमच्या तुलनेचा नाद सोडा आणि तुम्ही खरंच किती सर्व्हिंग घेता तेवढ्याने गुणा. शिवाय कॅलरी, साखर, फॅट आणि सोडियम छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाले तरी अमेरिकन नियमात ते बसतं. तेव्हा ४२७.५ कॅलरी असं दशांशात लिहिण्यात अर्थ नाही, सव्वाचारशे म्हणा.

आठवी तपासणी: काटा

इथे पहिल्यांदा पैसे लागतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, दागिन्यांचा नको. रिकामा बोल ठेवून शून्य करा, नेहमीसारखं ग्रॅनोला घाला आणि दूध घालण्याआधी आकडा वाचा. समजा ९५ ग्रॅम आले. ९५ भागिले ६० म्हणजे १.५८. एवढा एकच गुणक काढायचा आणि सगळ्या आकड्यांना लावायचा. कॅलरी सुमारे ४३०, घातलेली साखर १७ ग्रॅम, म्हणजे सपाट चार चमचे, दिवसाच्या ५० ग्रॅममधले ३५ टक्के. सोडियम सुमारे २०५ मिलिग्रॅम. दूध वेगळं. पाकिटावरचे २७० आणि बोलमधले ४३०, हा फरक वर सांगितलेल्या गोल करण्याच्या आणि टक्क्यांच्या सगळ्या फरकांपेक्षा मोठा आहे. म्हणून वेळ कमी असेल तर सहावी आणि सातवी तपासणी सोडा, ही सोडू नका.

इथे थांबा

काही प्रश्न या गणिताने सुटत नाहीत आणि सोडवायला जाऊही नये.

इन्सुलिन कार्बोहायड्रेट मोजून घेत असाल तर पाकिटावरून डोस बदलण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. फायबर वजा करायचं की नाही, शुगर अल्कोहोल किती धरायचे, हे माणसागणिक ठरतं आणि चुकलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

किडनीचा आजार असेल तर तक्ता अपुरा आहे. अमेरिकन तक्त्यात पोटॅशियम सापडतं, पण फॉस्फरस छापायची सक्ती नाही, आणि युरोपीय तक्त्यात दोन्हींची नाही. घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्द कुठल्याही रूपात दिसला तर ते पाकीट नेफ्रॉलॉजीच्या आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय उघडू नका. हृदयविकारासाठी दिवसाचं सोडियम ठरवून दिलेलं असेल तर टक्के पाहूच नका. डॉक्टरांनी दिलेल्या मिलिग्रॅममधूनच वजा करत जा.

तान्ह्या बाळाच्या पावडरचं प्रमाण या हिशोबाने कधीच काढू नका. डब्यातलाच चमचा, डब्यावर लिहिलेलं पाणी, आणि शंका आली तर बालरोगतज्ज्ञ. लहान मुलांना मोठ्यांचे टक्केही लागू नाहीत: अमेरिकन डेली व्हॅल्यू चार वर्षांपुढच्यांसाठी आहेत, त्याखालच्यांच्या वेगळ्या असतात.

ॲलर्जीबद्दल तक्ता काहीच सांगत नाही, ती घटकांच्या यादीत शोधायची. यादी चिनी, जपानी किंवा कोरियन लिपीतच असेल आणि भारतीय स्टिकर नसेल तर ॲलर्जी असलेल्या माणसाला ते देऊ नका, फोनने केलेल्या भाषांतराच्या भरवशावर तर नाहीच. भारतात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असायलाच हवी. दुकानातून घेतलेल्या पाकिटावर ती नसेल, किंवा स्टिकरवरचे आकडे मूळ छपाईशी जुळत नसतील, तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर त्याच फोटोंसह तक्रार करता येते. कुणी सामानातून आणून दिलेल्या पाकिटाला हे लागू होत नाही.

आहारतज्ज्ञांकडे जाताना तीन फोटो न्या: पूर्ण तक्ता, घटकांची यादी आणि निव्वळ वजनाची पुढची बाजू. सोबत एका कागदावर तुमच्या काट्यावर आलेले ग्रॅम आणि ते दिवसातून किती वेळा खाता ते लिहा. टक्के लिहू नका, ते त्या स्वतः काढतील.